११:०२ ला पाठवलेला मेल ११:२१ पर्यंत कुणाच्या ताब्यात होता?

प्रश्न: आमचे अंधेरीत छोटे कार्यालय आहे. फोर्टमधल्या एका कार्यालयाला निविदा मेलने पाठवायची होती, मुदत सकाळी ११:१५ ची. मी ११:०२ ला मेल पाठवला, आउटबॉक्स रिकामा झाला, मेल सेंटमध्ये दिसला. ते म्हणतात, आमच्याकडे ११:२१ ला आला. मेल सर्व्हर आमचा स्वतःचा आहे. आमचा लॉग आणि त्यांनी दिलेले हेडर सोबत जोडतो. मधली १९ मिनिटे मेल नक्की कुठे होता?

उत्तर:

तुमच्याच सर्व्हरवर, रांगेत. समोरच्या सर्व्हरने तो दोनदा घ्यायचे नाकारले आणि तिसऱ्यांदा घेतला. हे कशावरून म्हणतो ते तुमच्याच कागदांवरून दाखवतो. मात्र नावे आणि पत्ते बदलून देत आहे, कारण ती सगळ्यांसमोर मांडण्याचे कारण नाही.

आधी आउटबॉक्सबद्दल. तुमच्या संगणकावरचा मेलचा प्रोग्राम फोर्टशी काहीही बोलत नाही. तो फक्त तुमच्या कार्यालयाच्या सर्व्हरशी, बहुधा ५८७ किंवा ४६५ या पोर्टवर, युजरनेम-पासवर्ड देऊन बोलतो आणि मेल त्याच्या हवाली करतो. त्या सर्व्हरने ‘घेतला’ म्हटले की आउटबॉक्स रिकामा होतो. सेंट फोल्डरमध्ये दिसते ती प्रत तर बहुतेक प्रोग्राम वेगळ्याच वाटेने, आयमॅपवरून, सर्व्हरवर ठेवतात. पाठवण्याच्या क्रियेशी तिचा तांत्रिक संबंध नसतो. (मोठे अटॅचमेंट असेल तर ते दोनदा अपलोड होताना दिसते, ते याचमुळे.) त्यामुळे सेंटमधली ११:०२ ही वेळ एवढेच सांगते की मेल तुमच्या टेबलावरून तुमच्याच जावक कारकुनाकडे गेला. फोर्टच्या आवक खिडकीबद्दल ती काहीच सांगत नाही.

आवक-जावकची उपमा मी मुद्दाम वापरतो आहे, कारण मेलच्या हेडरमधली `Received` ही ओळ हुबेहूब आवक शिक्क्यासारखी असते. मेल ताब्यात घेणारा प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का आधीच्या शिक्क्यांच्या वर मारतो, म्हणून हे शिक्के खालून वर वाचायचे असतात. तुमच्या मेलवर तीन आहेत:

```
Received: from mx1.example.net (mx1.example.net [198.51.100.20])
  by store.example.net with LMTP id 7Kq1;
  Tue, 11 Mar 2025 05:51:42 +0000
Received: from out1.example.com (out1.example.com [203.0.113.25])
  by mx1.example.net with ESMTPS id 4ZBx;
  Tue, 11 Mar 2025 05:51:38 +0000
Received: from [192.168.1.14] (unknown [192.0.2.77])
  by out1.example.com (Postfix) with ESMTPSA id 9F2C41A0B3;
  Tue, 11 Mar 2025 11:02:09 +0530
```

सर्वांत खालचा शिक्का तुमच्या सर्व्हरचा. `ESMTPSA` मधला शेवटचा `A` सांगतो की पाठवणाऱ्याने लॉगिन केले होते, म्हणजे हा कार्यालयातल्या माणसाने दिलेला मेल आहे. त्याआधीचा `S` म्हणजे संभाषण एन्क्रिप्टेड होते. मधला शिक्का फोर्टच्या आवक सर्व्हरचा, आणि वरचा त्यांच्या मेलपेट्या जिथे साठवलेल्या असतात त्या यंत्राचा. इथे घाईने वाचणारा हमखास फसतो, कारण खाली ११:०२ आणि वर ०५:५१ दिसते. वरच्या दोन वेळा `+0000` मध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आहेत; त्यात साडेपाच तास मिळवले की ११:२१:३८ आणि ११:२१:४२ येतात. त्यांच्या इमारतीच्या आत मेलला चार सेकंद लागले. जो काही उशीर झाला तो ११:०२:०९ आणि ११:२१:३८ या दोन शिक्क्यांच्या मध्ये आहे.

आता हे अंतर कुणाच्या खात्यावर टाकायचे, हा खरा प्रश्न. मेलची देवाणघेवाण ज्या एसएमटीपी नियमांनी चालते त्यांत ताब्याचा कायदा फार स्पष्ट आहे. देणारा सर्व्हर पूर्ण मजकूर पाठवतो, शेवटी एका ओळीवर फक्त एक टिंब देतो, आणि घेणारा `250` असे उत्तर देतो. त्या उत्तराच्या क्षणी जबाबदारी बदलते. तोपर्यंत मेल देणाऱ्याचा. त्यानंतर घेणाऱ्याने तो पुढे पोचवायचा, आणि पोचवता आला नाही तर तसे पाठवणाऱ्याला कळवायचे. `250` मिळेपर्यंत देणारा आपली प्रत पुसत नाही. म्हणूनच ते उत्तर वाटेत हरवले, तर देणारा पुन्हा पाठवतो आणि एकच मेल दोनदा येतो. नियम करणाऱ्यांनी हरवण्यापेक्षा दोनदा येणे पत्करले, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

म्हणजे शिक्क्यांवरून एवढे ठरले की ११:२१:३८ पर्यंत मेल तुमच्या सर्व्हरच्या ताब्यात होता. तो तिथे का पडून राहिला हे मात्र हेडर कधीच सांगणार नाही, कारण शिक्का ताबा घेतल्यावर बसतो. दार ठोठावून परत आलेल्या फेऱ्यांचा शिक्का नसतो. त्यासाठी पाठवणाऱ्याच्या सर्व्हरचा लॉगच लागतो. तो तुम्ही जोडलात हे बरे केलेत, कारण या पायरीवर बहुतेक वाद अडतात.

लॉगकडे वळण्याआधी तुमच्या सर्व्हरने फोर्टचे दार शोधले कसे, ते थोडक्यात. पत्त्यातल्या `@` च्या पुढचा भाग घेऊन तो डीएनएसला त्या डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड विचारतो, म्हणजे ‘यांची टपाल कोणत्या यंत्रावर द्यायची?’ उत्तरात यंत्राचे नाव आणि एक अंक येतो; नावे एकाहून जास्त असतील तर लहान अंकाचे आधी. त्या यंत्राचा आयपी पत्ता काढून तो २५ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करतो. तुम्ही हे स्वतः पाहू शकता:

```
dig +short MX example.net
10 mx1.example.net.
```

जोडणी झाल्यावर मजकूर लगेच जात नाही. आधी पाकीट दाखवले जाते: कुणाकडून, कुणाला. हे पाकीट मेलच्या आत दिसणाऱ्या ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ पेक्षा वेगळे असते. बीसीसीमधला माणूस पाकिटावर असतो आणि पत्रात नसतो, ही याचीच किमया. घेणाऱ्याला हवे असेल तर तो पाकीट पाहूनच नकार देऊ शकतो. तुमच्याबाबत नेमके तेच झाले:

```
C: MAIL FROM:<accounts@example.com>
S: 250 2.1.0 Ok
C: RCPT TO:<tender@example.net>
S: 450 4.2.0 Greylisted, try again in 600 seconds
```

उत्तराचा पहिला अंक महत्त्वाचा. पाचने सुरू होणारे उत्तर म्हणजे कायमचा नकार. मेल लगेच बाउन्स होऊन पाठवणाऱ्याकडे परत येतो. चारने सुरू होणारे उत्तर म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. अशा वेळी देणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि कुणाला काही न सांगता पुन्हा प्रयत्न करत राहतो.

फोर्टच्या सर्व्हरने तुम्हाला ‘नंतर या’ म्हणण्याचे कारण ग्रेलिस्टिंग. ही २००३ सालची युक्ती आहे. पाठवणाऱ्या यंत्राचा आयपी, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पत्ता हे त्रिकूट पहिल्यांदाच दिसले, तर मेल तात्पुरता नाकारायचा. स्पॅम सोडणारे बरेचसे प्रोग्राम रांग ठेवत नाहीत. एकदा नाकारले की ते पुढच्या पत्त्याकडे वळतात. खरा मेल सर्व्हर मात्र थोड्या वेळाने परत येतो, आणि ठरलेला अवधी उलटला असेल तर त्याला आत घेतले जाते. तुम्ही या निविदेपूर्वी त्या पत्त्यावर कधी मेल पाठवला नव्हता, म्हणून तुम्ही अनोळखी ठरलात. त्यांनी तो अवधी ६०० सेकंदांचा ठेवला आहे. प्रचलित ग्रेलिस्टिंग प्रोग्रामपैकी पोस्टग्रेमध्ये तो मुळात ३०० सेकंदांचा असतो, त्यामुळे इथे कुणीतरी तो मुद्दाम वाढवला असावा.

आता लॉग. ओळी लांब आहेत, म्हणून कामापुरता भाग ठेवतो:

```
11:02:10 9F2C41A0B3 status=deferred (450 4.2.0 Greylisted,
         try again in 600 seconds)
11:11:37 9F2C41A0B3 status=deferred (450 4.2.0 Greylisted,
         try again in 33 seconds)
11:21:38 9F2C41A0B3 status=sent (250 2.0.0 Ok: queued as 4ZBx)
```

दुसरी ओळ वाचून तुम्हाला कपाळावर हात मारावासा वाटेल. तुमचा सर्व्हर तेहतीस सेकंद लवकर गेला. पण प्रश्न असा की दहा मिनिटांचा अवधी ११:१२:१० ला संपत असताना पुढचा प्रयत्न थेट ११:२१ ला का झाला? समोरून ‘३३ सेकंदांनी या’ असे स्पष्ट लिहून आले होते. उत्तर असे की ते वाक्य माणसांसाठी आहे. सर्व्हर त्यातला `450` एवढाच भाग समजतो आणि पुढे स्वतःच्या वेळापत्रकाप्रमाणे वागतो.

तुमच्या सर्व्हरवर मेल हाताळणारा प्रोग्राम पोस्टफिक्स आहे; त्याचे ते वेळापत्रक दोन गोष्टींनी ठरते. एक म्हणजे, अडलेल्या मेलच्या रांगेवरून तो मुळातल्या सेटिंगप्रमाणे दर ३०० सेकंदांनी एक फेरी मारतो. दुसरे म्हणजे, प्रत्येक अडलेल्या मेलवर तो ‘याआधी हात लावायचा नाही’ अशी वेळ लिहून ठेवतो. ही सुट्टी मेलच्या त्या वेळच्या वयाइतकी असते, पण ३०० सेकंदांपेक्षा कमी नाही आणि ४,००० सेकंदांपेक्षा जास्त नाही. मेल जितका जुना, तितके दोन प्रयत्नांमधले अंतर मोठे.

तुमच्या मेलला हे लावून पाहा. तुमच्या लॉगवरून दिसते की रांगेच्या फेऱ्या त्या सकाळी ११:०६:३६, ११:११:३६, ११:१६:३६ अशा चालल्या होत्या. ११:०२:१० ला पहिला नकार आला तेव्हा मेलचे वय सेकंदभर होते, म्हणून किमान सुट्टी, म्हणजे ११:०७:१० पर्यंत. ११:०६:३६ ची फेरी आली तेव्हा सुट्टी संपायला ३४ सेकंद होते, म्हणून मेल तसाच राहिला. ११:११:३६ च्या फेरीत तो उचलला गेला आणि ३३ सेकंदांनी हुकला. आता त्याचे वय झाले होते सुमारे साडेनऊ मिनिटे, म्हणून पुढची सुट्टीही साडेनऊ मिनिटांची, साधारण ११:२१:०५ पर्यंत. ११:१६:३६ ची फेरी त्याला न शिवता गेली. ११:२१:३६ च्या फेरीत तो निघाला आणि दोन सेकंदांत फोर्टने घेतला. कुठेही बिघाड नव्हता, कुणाचे इंटरनेट बंद नव्हते. दोन वेळापत्रके एकमेकांना दोनदा थोडक्यात चुकली, एवढेच.

यात तुमच्या सर्व्हरचा धीर दोषी वाटेल, पण त्याची दुसरी बाजू मी पाहिलेली आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात मी ज्या कार्यालयाचे सर्व्हर सांभाळत होतो त्याच्या तळमजल्यात पाणी शिरले आणि आमचा मेल सर्व्हर तीन दिवस बंद होता. चौथ्या दिवशी तो सुरू केला आणि जगभरच्या सर्व्हरांच्या रांगांत थांबलेले मेल दिवसभर येत राहिले. एसएमटीपीचा नियम (आता तो आरएफसी ५३२१ मध्ये आहे) सांगतो की हार मानण्यापूर्वी निदान चार-पाच दिवस प्रयत्न करावेत. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळात पाच दिवसांची आहे. त्याच नियमात दोन प्रयत्नांमधले अंतर सर्वसाधारणपणे निदान ३० मिनिटे असावे असेही सुचवले आहे, म्हणजे तुमचा पोस्टफिक्स त्या मानाने उतावळाच म्हणायचा. मेल ही ‘नक्की पोचेल’ या बेताने बांधलेली व्यवस्था आहे. ‘अमुक वाजता पोचेल’ असे वचन तिने कुठेच दिलेले नाही. त्यामुळे मिनिटांच्या मुदतीची निविदा मेलवर मागवणे मला मुळातच पटत नाही, आणि मागवायचीच असेल तर निदान त्या एका पत्त्यापुरते ग्रेलिस्टिंग बंद ठेवणे हे मागवणाऱ्याचे काम आहे.

तुम्हाला उशिराची सूचना का मिळाली नाही, हेही सांगतो. ‘मेल अजून गेलेला नाही’ असे कळवणारी सोय पोस्टफिक्समध्ये आहे, पण मुळात ती बंद असते. `delay_warning_time` मध्ये `1h` लिहिले तर तासाभराने सूचना येते. तुमच्या प्रसंगात तिचा उपयोग झाला नसता. मेल त्याआधीच पोचला होता. उपयोग झाला असता तो रांग पाहण्याचा. ११:०५ ला कुणी सर्व्हरवर `postqueue -p` ही आज्ञा दिली असती, तर मेल रांगेत आणि त्याखाली `450` चे कारण दिसले असते. ११:१२:१० नंतर `postqueue -f` दिली असती, तर पोस्टफिक्सने सुट्टी न पाहता लगेच प्रयत्न केला असता आणि मेल ११:१३ च्या आत पोचला असता. मात्र ही आज्ञा सवयीने दर मिनिटाला चालवू नका. ती सगळी रांग एकदम ढकलते, आणि ज्यांनी खरोखर ‘नंतर या’ म्हटले आहे त्यांच्या दारावर तुमचा सर्व्हर पुन्हा पुन्हा धडकू लागला की काही जण तुमचा आयपीच अडवतात.

पुढच्या निविदेसाठी त्याहून साधा उपाय आहे. एक-दोन दिवस आधी त्याच पत्त्यावरून, त्याच सर्व्हरमधून, निविदेच्याच पत्त्यावर एक छोटा चौकशीचा मेल पाठवा. त्रिकूट एकदा पारखले गेले की ग्रेलिस्टिंग ते लक्षात ठेवते. पोस्टग्रे मुळात ३५ दिवस ठेवते. मग खरा मेल थेट आत जातो. वेगळ्या पत्त्यावरून किंवा जीमेलवरून चाचणी केलीत तर उपयोग नाही, कारण त्रिकूटच बदलते. ज्या सेवा पुष्कळ आयपींवरून मेल सोडतात त्यांच्याबाबत तर पुन्हा प्रयत्न करताना आयपी बदलून मोजणी नव्याने सुरू होण्याची शक्यता असते. म्हणून पोस्टग्रे मुळात आयपीचा शेवटचा भाग सोडून जुळवणी करतो, तरी तो उपाय पुरा पडेलच असे नाही. तुमचा एकच सर्व्हर आणि एकच आयपी आहे, ही तुमची सोय समजा.

पुरावा म्हणून काय धरायचे, याबद्दल दोन शब्द. हेडरमधल्या शिक्क्यांपैकी घेणाऱ्याने स्वतःच्या यंत्रांवर मारलेले तेवढेच त्याच्या दृष्टीने विश्वासार्ह. त्याखालचे पाठवणाऱ्याला हवे तसे लिहिता येतात, म्हणून तुमची ११:०२ ची ओळ एकटी दाखवलीत तर कुणी ती मानणार नाही. शिवाय दोन यंत्रांची घड्याळे जुळलेली असतीलच असे नाही; वरचा शिक्का खालच्याच्या आधीचा दिसला, तर समजावे की एखादे घड्याळ चुकले आहे. तुमच्या प्रकरणात मात्र शंकेला जागा नाही. तुमच्या लॉगमधल्या शेवटच्या ओळीत फोर्टच्या सर्व्हरने दिलेला `4ZBx` हा क्रमांक आहे आणि तोच क्रमांक त्यांच्या मधल्या शिक्क्यावर आहे, वेळही सेकंदापर्यंत जुळते. आणि एक सावधगिरी: `250` मिळाले म्हणजे मेल इनबॉक्समध्ये पडला असे नव्हे. ताबा घेतल्यावर त्यांच्या फिल्टरने तो स्पॅममध्ये टाकला असता तरी तुमच्या लॉगमध्ये हीच ओळ दिसली असती.

आता त्यांना काय लिहायचे. ‘आमचा मेल ११:०२ ला पोचला होता’ असे लिहू नका, ते खरे नाही आणि त्यांचा तंत्रज्ञ ते एका मिनिटात खोडेल. असे लिहा की ११:०२:१० ला आमच्या सर्व्हरने आपल्या `mx1` वर हा मेल देऊ केला, आपल्या सर्व्हरने तो `450 4.2.0` देऊन तात्पुरता नाकारला, ११:११:३७ ला पुन्हा तसेच झाले, आणि हे दोन्ही प्रयत्न मुदतीच्या आतले होते. आपल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये आमच्या `203.0.113.25` या आयपीच्या नावावर या दोन नोंदी सापडतील, त्या पाहून निर्णय घ्यावा. सोबत लॉगच्या तिन्ही ओळी पूर्ण, न कापता जोडा. त्यांच्याकडचे लॉग किती दिवस ठेवले जातात हे त्यांच्या सेटिंगवर असते आणि बऱ्याच ठिकाणी जुने लॉग काही आठवड्यांत आपोआप पुसले जातात, म्हणून हे पत्र या आठवड्यातच द्या, आणि ते मेलने न देता फोर्टला जाऊन आवक शिक्का मारून घेऊन द्या.